लकवा, स्ट्रोक की मेंदूचा अटॅक?

शहागंजच्या घड्याळाभोवती सकाळी दुकानांची शटर वर जायला लागतात. समजा, त्यातल्याच एका कापड दुकानात ५८ वर्षांचे मालक गल्ला उघडायला बसले आणि हातातली किल्ली गळून पडली. उचलायला गेले तर डावा हात उठेना. मुलाने विचारले, ‘काय झालं बाबा?’ उत्तर आले, पण शब्द जिभेत अडकलेले, तोंड एका बाजूला ओढलेले. मुलाने काकांना फोन लावला. आता तो काय म्हणेल?

शहागंजमध्ये या एकाच घटनेला निदान पाच नावे मिळतील. शेजारचा दुकानदार म्हणेल ‘लकवा मार गया’. मागच्या गल्लीतले जुने हकीम ‘फालिज’ म्हणतील. आजी म्हणेल ‘वारं गेलं अंगावरून’. शाळेत शिकवणारी सून ‘अर्धांगवायू’ म्हणेल आणि मुलगा स्वतः म्हणेल ‘पॅरालिसिसचा अटॅक’. रुग्णालयात पोहोचल्यावर केसपेपरवर लिहिला जाईल तो सहावा शब्द, ‘स्ट्रोक’. तो घरातल्या कोणी वापरलेला नसेल.

हा सहावा शब्द मराठीत कसा सांगायचा, हा प्रश्न वरवर भाषेचा दिसतो. नवा मराठी शब्द घडवावा, की इंग्रजीच ठेवावा? माहितीपत्रक लिहिणारे, आशा सेविकांना प्रशिक्षण देणारे, वर्तमानपत्रात लिहिणारे, सगळे या प्रश्नापाशी अडखळतात. पण या आजारात शब्द चुकला तर रुग्ण चुकीच्या दारात जातो, आणि तिथे गेलेला वेळ परत मिळत नाही. म्हणून हा एक शब्द नीट तपासून पाहण्यासारखा आहे.

जुनी नावे कशाची आहेत?

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक थांबला, की त्या भागाचे काम थांबते. बहुतेकदा, ढोबळमानाने दहातल्या आठ रुग्णांत, रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते. उरलेल्यांत रक्तवाहिनी फुटून मेंदूत किंवा मेंदूभोवती रक्तस्राव झालेला असतो. डॉक्टर ‘स्ट्रोक’ म्हणतात ते या घटनेला. हात लुळा पडणे हा तिचा परिणाम, आणि तोही नेहमी होतोच असे नाही. मेंदूचा कोणता भाग बंद पडला त्यावर ते ठरते. एखाद्याची फक्त वाचा जाते. एखाद्याला अर्धी नजर दिसेनाशी होते. कुणाचा तोल जातो, दोन दोन वस्तू दिसतात, आणि हातापायांत मात्र पूर्ण ताकद असते.

आता आपल्या जुन्या शब्दांकडे पाहा. ‘पक्षाघात’ म्हणजे शरीराची एक बाजू निकामी होणे. ‘अर्धांगवायू’मध्ये अर्धे अंग आले आणि कारण म्हणून वायू आला. चरकसंहितेत हा आजार वातव्याधींमध्ये सांगितला आहे आणि त्या परंपरेची खूण या शब्दात राहिली. ‘फालिज’ हे युनानी वैद्यकातले नाव, तेही एका बाजूच्या लुळेपणाचे. ‘पॅरालिसिस’ इंग्रजीतून आला खरा, पण त्याचाही अर्थ लुळेपणा एवढाच. म्हणजे सगळे शब्द हातापायांकडे बोट दाखवतात. बिघाड डोक्यात झाला आहे, हे त्यातला एकही सांगत नाही.

यात जुन्या वैद्यांची चूक काढण्याचे कारण नाही. जे डोळ्यांना दिसत होते त्याला त्यांनी नाव दिले, आणि मेंदूच्या आत पाहण्याची सोय तेव्हा कुणाकडेच नव्हती. इंग्रजी ‘स्ट्रोक’ही काही शास्त्रीय शब्द म्हणून जन्मला नाही. त्याचा मूळ अर्थ फटका. माणूस कुणीतरी अदृश्य हाताने फटका मारल्यासारखा कोसळतो, म्हणून ते नाव. आधुनिक वैद्यकालाही हा आजार कुठल्या कप्प्यात ठेवायचा हे ठरवायला वेळ लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत स्ट्रोक रक्ताभिसरणाच्या विकारांत होता. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत तो मज्जासंस्थेच्या आजारांत आला. आजार मेंदूचा आहे, हे कागदावर पक्के व्हायला इतका काळ गेला.

पण नाव अंगाचे असले की उपायही अंगाचाच सुचतो. हात लुळा पडला ना, मग तेल लावा, मालिश करा, शेक द्या. ‘वायू’ म्हटले की वायू उतरवणारे औषध शोधले जाते. ‘वारं गेलं’ म्हटले की वाऱ्यापासून जपायचे, म्हणून गोधडीत गुंडाळून अंधाऱ्या खोलीत ठेवायचे. यातली माणसे अडाणी नसतात. शब्दाने दाखवलेल्या रस्त्याने ती चाललेली असतात.

‘लकवा’ या शब्दाचा सापळा

मराठवाड्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द ‘लकवा’, आणि सगळ्यात मोठा घोटाळाही त्याच्यातच आहे. युनानी वैद्यकात लकवा म्हणजे फक्त चेहऱ्याचा वाकडेपणा, आणि अंगाच्या लुळेपणाला फालिज हा वेगळा शब्द. आयुर्वेदातही चेहऱ्यासाठी अर्दित आणि अंगासाठी पक्षाघात अशी फोड आहे. बोलीत आल्यावर ही फोड पुसली गेली. आता तोंड वाकडे झाले तरी लकवा आणि अर्धे अंग गेले तरी लकवाच.

तोंड वाकडे होण्याचा एक वेगळा, बराच सौम्य आजार आहे. त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. कानामागून चेहऱ्याकडे येणाऱ्या नसेला सूज येते आणि चेहऱ्याची एक बाजू सैल पडते. मेंदूला काहीही झालेले नसते. यातले दहापैकी सात जण कोणताही उपचार न घेताही काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ण बरे होतात. पहिल्या तीन दिवसांत स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या तर हे प्रमाण आणखी वाढते.

आता गावातल्या एखाद्या ‘लकव्याच्या औषधा’ची कीर्ती कशी पसरत असेल, याचा विचार करा. तोंड वाकडे झालेले दहा जण तिथे गेले. काढा घेतला, कबुतराचा उपाय केला, दोऱ्यात काहीतरी बांधून आणले. दीड-दोन महिन्यांत सात जणांचे तोंड सरळ झाले. ते तसेही होणारच होते. पण गावाने आपल्या डोळ्यांनी पाहिले की इथे लकवा बरा होतो. पुढे कुणाच्या मेंदूत गुठळी अडकते, त्यालाही लोक लकवाच म्हणतात आणि त्याच दारात नेतात. दोन आजारांना एकच नाव असल्यामुळे सौम्य आजारातला आपोआप बरे होण्याचा पुरावा गंभीर आजाराच्या खात्यात जमा होतो. कितीही समजावले तरी हे दार बंद होत नाही, कारण तिथे बरे झालेली माणसे खरोखर असतात.

दोन्हींतला फरक घरीही बऱ्याचदा लक्षात येतो. रुग्णाला भुवया वर करून कपाळावर आठ्या आणायला सांगावे. बेल्स पाल्सीत त्या बाजूच्या कपाळावर आठ्या पडत नाहीत आणि डोळाही नीट मिटत नाही. मेंदूतल्या बिघाडात सहसा तोंडाचा खालचा भाग ओघळतो, पण कपाळावर आठ्या पडतात. हात, पाय, बोलणे, नजर यांपैकी आणखी काहीही बिघडले असेल तर तो नुसता चेहऱ्याचा आजार नव्हे. शंका असेल तर मेंदूचाच समजून धावायचे, कारण ही परीक्षा घरच्यांनी निदान करत बसण्यासाठी नाही.

मग शब्द कोणता?

म्हणजे इथे मराठी शब्दांचा तुटवडा नाही. शब्द भरपूर आहेत, पण नेमक्या या घटनेला, मेंदूचा रक्तपुरवठा अचानक बिघडण्याला, ओळखीचा शब्द नाही. तो आणायचे तीन मार्ग दिसतात.

पहिला मार्ग, ‘स्ट्रोक’ जसाच्या तसा ठेवणे. वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि परिचारिकांना तो सोयीचा आहे, कारण पुढचे सगळे वाचन त्याच नावाने असते. पण बाहेर तो काय सांगतो? मराठवाड्यात मे महिन्यात स्ट्रोक म्हटले की पहिल्यांदा सनस्ट्रोक आठवतो. मग कांदा, कैरीचे पन्हे, ओला पंचा. रिक्षाच्या गॅरेजमध्ये स्ट्रोक इंजिनाचा असतो आणि मैदानावर बॅटचा. काही घरांत तर हृदयविकारालाही ‘हार्टचा स्ट्रोक’ म्हणतात. शब्द कानाला ओळखीचा आहे, पण ओळख भलत्याचीच आहे. अजिबात न कळणारा शब्द ऐकला तर माणूस निदान विचारतो तरी. अर्धवट कळणाऱ्या शब्दावर तो विचारत नाही, समजले असे धरून चालतो.

दुसरा मार्ग, संस्कृत धातूंवरून नवा शब्द घडवणे. ‘मस्तिष्काघात’ किंवा ‘मेंदूघात’ असे शब्द अधूनमधून छापलेले दिसतात. रचना निर्दोष आहे. पण ‘मेंदूला आघात’ म्हटल्यावर मराठी माणसाला अपघातात डोक्याला मार लागलेला दिसतो. ‘घात’ आणि ‘आघात’ यांची ओढ अपघाताकडे आहे. पत्रक वाचणाऱ्याला वाटेल की हे हेल्मेट न घालणाऱ्यांसाठी लिहिले आहे. ‘मेंदूचा झटका’ हा दुसरा प्रयत्न. वर्तमानपत्रात ‘हृदयविकाराचा झटका’ रुळला, मग मेंदूचा का नको? तर अडचण अशी, की मेंदूच्या बाबतीत ‘झटके येणे’ म्हणजे फिट येणे, हे आधीच ठरून गेले आहे. आकडी आलेल्याला कांदा हुंगवणे, चावी हातात देणे हे अपसमज आहेत, आणि हा शब्द वापरला तर तेही उपाय इकडे वळतील.

तिसरा मार्ग अर्धा असा आणि अर्धा तसा, म्हणजे ‘मेंदूचा अटॅक’. हा शब्द कोणत्याही परिभाषा कोशाच्या नियमात बसणार नाही. पण त्याचे दोन्ही तुकडे शहागंजच्या फळगाडीवाल्यालाही माहीत आहेत. मेंदू म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ‘अटॅक’ म्हणजे अचानक आलेले, जिवावर बेतणारे, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यायचे संकट, हे गेल्या दोन पिढ्यांत हृदयविकाराने घरोघरी शिकवले आहे. ती शिकवण नव्या शब्दाला फुकटात मिळते. उर्दू-दख्खनी बोलणारे शेजारी तोच शब्द ‘दिमाग का अटॅक’ असा सहज फिरवून घेतात. ही युक्ती फक्त आपल्यालाच सुचली असेही नाही. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा उपयोग १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात सिद्ध झाला. त्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनाही ‘स्ट्रोक’ हा शब्द थंड वाटू लागला. लोक घाई करत नाहीत म्हणून त्यांनी ‘ब्रेन अटॅक’ म्हणायला सुरुवात केली. इंग्रजी बोलणाऱ्यांनाही इंग्रजी शब्द पुरला नव्हता.

या शहराला हा वाद जुना आहे

नवा शब्द घडवायचा की परका ठेवायचा, हा वाद या शहरात शंभर वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर झाला आहे, फक्त तो उर्दूसाठी होता. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि सगळे विषय उर्दूतून शिकवायचे ठरले. पुढे वैद्यकशास्त्रही उर्दूतून शिकवले गेले. हजारो शास्त्रीय संज्ञा लागणार होत्या. त्या काळात अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्यालय मौलवी अब्दुल हक यांच्यामुळे औरंगाबादला होते. संज्ञा कशा घडवाव्यात यावर वहीदुद्दीन सलीम यांनी लिहिलेला ‘वज़-ए-इस्तिलाहात’ हा ग्रंथ अंजुमनने १९२१ मध्ये औरंगाबादहून प्रसिद्ध केला. संज्ञा निव्वळ अरबीतून घ्याव्यात असे मानणारा एक पक्ष तेव्हा होता. सलीम यांचा कल उर्दूच्या स्वतःच्या घडणीकडे होता. अरबी, फारसी, हिंदी, जे तुकडे भाषेत मुरले आहेत ते जोडून शब्द करावेत, अशी त्यांची मांडणी. ‘मेंदूचा अटॅक’ हा तसाच जोडशब्द आहे.

मराठीतही एकमत कधी नव्हते. १९६० मध्ये महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय सुरू झाले आणि त्याने विषयवार परिभाषा कोश केले. शाळेच्या पुस्तकात ‘संप्रेरक’ आणि ‘विकर’ आले. त्याच राज्याने काढलेल्या मराठी विश्वकोशाने मात्र नोंदी केल्या त्या ‘हॉर्मोने’ आणि ‘एंझाइमे’ या नावांनी. परका शब्द ठेवला, पण त्याला मराठी अनेकवचन लावले. ‘जीवनसत्त्व’ दोन्हीकडे रुळले. आज दवाखान्यात ‘जीवनसत्त्व’ शब्द समजतो, पण ‘अवटू ग्रंथी’ म्हटले तर रुग्ण गोंधळतो आणि ‘थायरॉइड’ म्हटले की लगेच गळ्याकडे हात नेतो. यातून एक साधी गोष्ट कळते. शब्द शुद्ध आहे की भेसळीचा, यावर तो टिकणे अवलंबून नसते. तो ऐकून माणसाला काय दिसते आणि काय करावेसे वाटते, यावर ते ठरते.

घड्याळ लावून पाहिले तर

वरच्या दुकानदाराकडे परत येऊ. सकाळी ९ वाजता त्यांनी मुलाबरोबर चहा घेतला, तेव्हा ते ठणठणीत होते. ९.१५ ला किल्ली पडली. गुठळीमुळे झालेल्या आजारात ती विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणजे त्यांची मुदत दुपारी १.४५ ला संपते. मुदतीच्या आतही प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला.

मुलगा फोनवर म्हणाला, ‘लकवा झालाय.’ काका म्हणाले, ‘घाबरू नको, आपल्याकडे औषध देणारा आहे.’ गाडी ठरवली, दोन तास प्रवास, तिथे रांग, मालिश. संध्याकाळी रुग्णाला झापड येऊ लागली तेव्हा शहराकडे परतले. रात्री ८ वाजता सीटी स्कॅन झाला. इंजेक्शनची वेळ सव्वासहा तासांपूर्वी संपली होती.

मुलगा म्हणाला, ‘बाबांना कसंतरी होतंय, बहुतेक बीपी वाढलंय.’ जवळचा दवाखाना, तिथे सलाइन, दोन तास निरीक्षण. १२ वाजता ‘पॅरालिसिस दिसतोय, मोठ्या ठिकाणी न्या’ असा सल्ला. पैशांची जुळवाजुळव करण्यात पाऊण तास. पहिल्या रुग्णालयात सीटी स्कॅनची सोय नाही, म्हणून दुसरे. २.१० ला स्कॅन. मुदत २५ मिनिटांनी हुकली.

मुलगा म्हणाला, ‘मेंदूचा अटॅक आलाय.’ काकांनी पुढचे ऐकलेच नाही, म्हणाले, ‘१०८ लाव, नाहीतर आहे ती रिक्षा पकड, स्कॅन होतो तिथेच ने.’ ९.५० ला तातडीच्या विभागात. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, ‘शेवटचे ठीक कधी पाहिले?’ मुलाकडे उत्तर तयार, ९ वाजता. लक्षणे नेमकी कधी सुरू झाली हे माहीत नसेल तर हिशेब याच वेळेपासून धरतात. झोपेत लक्षणे सुरू झाली असतील तर झोपण्याची वेळ धरली जाते, उठण्याची नव्हे. साखर तपासली, कारण साखर फार उतरली तरी अशीच लक्षणे दिसतात. १०.१५ ला स्कॅन, रक्तस्राव नाही. १०.४५ ला इंजेक्शन सुरू.

तिसऱ्या गोष्टीचा शेवटही गोडच होईल अशी हमी नाही. इंजेक्शन सगळ्यांना देता येत नाही. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, रक्त पातळ करणारी काही औषधे चालू असतील किंवा रक्तदाब १८५/११० च्या खाली आणता आला नाही, तर ते टाळावे लागते. दिल्यावरही काहींना रक्तस्राव होतो आणि काहींचा लुळेपणा राहतो. मोठी वाहिनी बंद असेल तर तार घालून गुठळी ओढून काढता येते आणि निवडक रुग्णांत त्यासाठी २४ तासांपर्यंत वेळ मिळतो. पण ही सोय मोजक्याच ठिकाणी असते. शब्द बरोबर निवडल्याने आजार बरा होत नाही. उपचाराची संधी असताना रुग्ण योग्य दारात उभा राहतो, एवढेच होते.

‘अटॅक’ही निर्दोष नाही

हृदयविकाराची शिकवण फुकटात मिळते, तशा त्या आजारातल्या सवयीही सोबत येतात. छातीत दुखले की डिस्प्रिन चघळायची, जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची, हे अनेक घरांना पाठ आहे. मेंदूच्या अटॅकमध्ये हेच घातक ठरू शकते. रक्तस्राव झाला असेल तर ॲस्पिरिनने तो वाढू शकतो, आणि रक्तस्राव आहे की गुठळी हे स्कॅन केल्याशिवाय अनुभवी डॉक्टरलाही सांगता येत नाही. सॉर्बिट्रेटने रक्तदाब एकदम खाली येतो. गुठळीपलीकडचा मेंदू आजूबाजूच्या वाहिन्यांतून मिळणाऱ्या थोड्या रक्तावर तग धरून असतो, तेही कमी होते. पाणी किंवा चहा पाजला तर गिळण्याची ताकद गेल्यामुळे तो श्वासनलिकेत जाऊ शकतो.

म्हणून हा शब्द एकटा सोडून चालणार नाही. त्याच्या पाठीला एक वाक्य कायमचे बांधावे लागेल: मेंदूचा अटॅक, गोळी नाही, पाणी नाही, आधी स्कॅन. पत्रकात, भिंतीवरच्या फलकावर, आशा सेविकांच्या बोलण्यात हे दोन्ही एकत्रच यायला हवेत. नवा शब्द आणणाऱ्यांची चूक बहुधा इथेच होते. शब्द ठरला की काम झाले असे त्यांना वाटते. पण प्रत्येक शब्द कुठून तरी उसना अर्थ घेऊन येतो, आणि त्यातला कोणता नको आहे तेही सांगावे लागते.

एका बाबतीत मात्र हा शब्द जुन्यांपेक्षा नक्कीच सरस आहे. कधी कधी हात दहा मिनिटे लुळा पडतो किंवा वाचा जाते आणि मग सगळे आपोआप ठीक होते. गुठळी आपणहून विरघळलेली असते. लकवा किंवा पॅरालिसिस या शब्दांत अशा घटनेला जागाच नाही, कारण लुळेपणा राहिला नाही तर लकवा कसला? लोक ‘जरा चक्कर आली होती’ म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात पुढचे काही दिवस, विशेषतः पहिले दोन, मोठ्या अटॅकचा धोका सर्वाधिक असतो. ‘मेंदूला छोटा अटॅक येऊन गेला’ असे म्हटले, की माणूस बरा वाटत असतानाही त्याच दिवशी दवाखान्यात जातो.

कागदावर एक, तोंडी एक

मग ठरवायचे कसे? सगळ्यांसाठी एकच शब्द हवा, हा आग्रह आधी सोडावा लागेल. विद्यार्थ्यांच्या पुस्तकात आणि केसपेपरवर ‘स्ट्रोक’ राहू द्यावा. तिथे अर्थ पक्का आहे. शासकीय कागदात ‘पक्षाघात’ आहे तिथे तो राहील, पण त्याच ओळीत ‘म्हणजे मेंदूचा अटॅक’ असे लिहायला काही खर्च येत नाही. लोकांशी बोलताना मात्र ‘मेंदूचा अटॅक’. आणि रुग्णाचे घरचे ‘लकवा’ म्हणाले तर त्यांना दुरुस्त करत बसू नये. ‘हो, तुम्ही ज्याला लकवा म्हणता तो मेंदूचा अटॅक’ असे म्हणून त्यांच्या शब्दाला आपला शब्द जोडावा. ओळखीचा शब्द पुसता येत नाही. त्याच्या शेजारी दुसरा उभा करता येतो.

निवड बरोबर झाली की नाही, हे तपासण्याची सोपी रीत आहे. पत्रक छापण्याआधी बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेतल्या दहा-बारा जणांना थांबवावे. ‘अर्थ कळला का?’ असे विचारू नये, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. विचारावे, ‘घरून फोन आला, की वडिलांना हे झालंय, तर तुम्ही पहिल्यांदा काय कराल? कुठे न्याल? काही द्याल का?’ उत्तरात मालिश आली, कांदा आला, डिस्प्रिन आली, तर शब्द कितीही शुद्ध किंवा कितीही शास्त्रीय असो, तो बदलावा किंवा त्याच्यामागचे वाक्य बदलावे. ‘स्कॅन असेल तिथे नेतो’ असे उत्तर आले, तर छापायला हरकत नाही.

शहरातल्या मोठ्या शासकीय रुग्णालयाचे पूर्ण नाव ‘शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय’ असे आहे. शहागंजला रिक्षात बसून हे नाव सांगणारा कुणी भेटणार नाही. सगळे ‘घाटी’ म्हणतात, आणि रिक्षा बरोबर पोहोचते.